घरच्या गणपतीची आरास, तीन बिऱ्हाडं आणि एकच खर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा गणपती संगमेश्वर तालुक्यातल्या गावच्या घरी असतो, गौरीसह सात दिवसांचा. थोरले दीर आणि जाऊबाई सासूबाईंसोबत गावात राहतात. आम्ही पुण्यात असतो आणि धाकटे दीर सहकुटुंब ठाण्याला. आराशीवरून आमच्या घरात बरीच वर्षं धुसफूस होती. ती कशी मिटली हे नात्यातल्या, ओळखीतल्या बायका मला विचारत असतात आणि त्यांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढलं.

आराशीवरून भांडण होतं, ते नेमकं कशावरून होतं?

वरवर पाहिलं तर आवडीवरून. कुणाला खरी फुलं हवी असतात, कुणाला लायटिंग, तर कुणाला मंदिराचा देखावा. पण आमच्याकडे भांडण कधी सुरू व्हायचं हे मी दोन वर्षं नीट पाहिलं. प्रत्येक वेळी सामान घरात येऊन पडल्यावर. म्हणजे एकाने स्वतःच्या मनाने खर्च केलेला असायचा, दुसऱ्याला तो पटलेला नसायचा आणि चतुर्थी दोन दिवसांवर आलेली असायची. अशा वेळी “मला हा रंग आवडला नाही” याचा अर्थ “तुझे पैसे फुकट गेले” असा घेतला जातो. मग आवडीचं बोलणं पैशावर जातं आणि पैशाचं बोलणं मानापमानावर.

2022 साली आम्ही मधला मार्ग म्हणून आरास अर्धी अर्धी वाटून घेतली. डावीकडे धाकट्या दिरांच्या मुलाने पुठ्ठ्याचं शिखर केलं आणि त्यात निळ्या-जांभळ्या माळा सोडल्या. उजवीकडे मी आणि मोठ्या जाऊबाईंनी शेवंती-झेंडूच्या लडी सोडल्या. दोन्हीवर मेहनत झाली होती. पण मधे मूर्ती बसली तेव्हा तिचा चेहरा एका बाजूने निळा आणि दुसऱ्या बाजूने पिवळा दिसायला लागला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. आरतीच्या वेळी फक्त त्यांनी निळ्या माळेचं बटण बंद केलं. पोरगा रात्री जेवला नाही.

तेव्हा कळलं की जागा वाटून भांडण मिटत नाही. आरास एकच व्हायला हवी आणि तिच्यात प्रत्येकाचं काहीतरी दिसायला हवं.

आधी विषय ठरवायचा की आधी पैसे?

आधी पैसे. माझं याबाबत ठाम मत आहे.

विषय आधी ठरला की त्याच्या मागे खर्च ओढला जातो. “एवढं केलंच आहे तर मागचा पडदाही नवा घेऊ” असं होतं आणि ज्याचा हात त्या वर्षी आखडलेला आहे त्याला सगळ्यांसमोर नाही म्हणावं लागतं. कुणी उघड नाही म्हणत नाही. मग ती नाराजी पडद्याच्या रंगावर निघते.

आम्ही आषाढी एकादशीच्या आसपास बसतो, म्हणजे हाताशी साधारण दीड-दोन महिने राहतात. प्रत्येक बिऱ्हाड एका चिठ्ठीवर आपल्याला सहज झेपेल तो आकडा लिहितं आणि चिठ्ठी सासूबाईंकडे देतं. त्या तिन्ही आकड्यांची बेरीज करतात आणि फक्त बेरीज सांगतात. कुणी किती लिहिलं ते बाहेर येत नाही. 2024 साली बेरीज 7,200 आली. ती आली म्हणजे आराशीचं बजेट 7,200, संपला विषय. त्यात मूर्ती, नैवेद्य, दक्षिणा, गौरींच्या साड्या यातलं काहीच धरायचं नाही. ते खर्च वेगळे असतात, त्यांचे मानही वेगळे असतात. ते आराशीत मिसळले की हिशोब कधीच लागत नाही.

या लेखासाठी सगळ्यांना विचारून ते आकडे इथे देते: 1,600, 2,400 आणि 3,200.

सगळ्यांनी सारखेच पैसे द्यायला नकोत का?

सारखा वाटा ऐकायला न्याय्य वाटतो. तिघांची परिस्थिती सारखी असेल तर तसंच करा, हिशोब सोपा होतो. पण आमच्याकडे एक घर पेन्शनवर चालतं आणि एका घरात दोन पगार येतात. तिथे सारखा वाटा काढला तर एकतर बजेट सगळ्यात कमी आकड्यावर अडकतं, नाहीतर एकाला तो भार होतो.

शिवाय गावच्या घराचा वाटा रोख रकमेत दिसतच नाही. केळीची खोडं, नारळ, आंब्याचे टहाळे, देवाच्या वर टांगतात त्या माटवीची निम्मी फळं त्यांच्या परसातली असतात. भिंतींना रंग, ओटा सारवणं, जुनं मखर खाली काढून पुसणं, हे सगळं आम्ही पोचण्याआधी झालेलं असतं. मोठ्या जाऊबाईंनी एकदा सहज म्हटलं होतं, “आम्ही पैसे कमी देतो म्हणून गप्प बसावं लागतं.” ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. त्यानंतर आम्ही वहीत दोन रकाने केले. एकात रोख रक्कम आणि दुसऱ्यात घरून आलेल्या वस्तू व काम. दुसऱ्या रकान्याला आम्ही रुपये लावत नाही. फक्त लिहून ठेवतो आणि शेवटी वही वाचताना तोही मोठ्याने वाचतो. रुपये लावले की घासाघीस सुरू होते.

जो जास्त पैसे देतो त्याचं जास्त चालायला नको का?

नाही. एक बिऱ्हाड, एक शब्द. आकडे गुप्त ठेवण्याचं हेच मोठं कारण आहे. कुणी किती दिले हे माहीत नसेल तर त्या जोरावर कुणी बोलू शकत नाही.

मग विषय कसा ठरवायचा? मतदान घ्यायचं का?

मतदान घेऊ नका. तीन घरांत दोन विरुद्ध एक झालं की तो एक सात दिवस पाहुण्यासारखा वावरतो. आम्ही ते एकदा अनुभवलं आहे.

आता आमच्याकडे ‘एक हट्ट, एक नकार’ अशी रीत आहे. प्रत्येक बिऱ्हाडाने एक गोष्ट सांगायची जी आराशीत हवीच आणि एक सांगायची जी अजिबात नको. एकच. यादी द्यायची नाही. मग सगळे हट्ट पुरे होतील आणि एकही नकार मोडणार नाही असा विषय शोधायचा. एकच हट्ट सांगायचा म्हटलं की माणूस विचार करतो आणि आपल्याला खरंच काय हवंय ते त्यालाही कळतं. धाकट्या दिरांचा मुलगा तीन वर्षं केदारनाथचा देखावा मागत होता. एकच गोष्ट सांग म्हटल्यावर तो म्हणाला, “मला काहीतरी माझ्या हाताने केलेलं हवंय, विकत आणलेलं नको.” केदारनाथ हा त्याचा हट्टच नव्हता.

2024 चे हट्ट-नकार असे होते. गावच्या घराचा हट्ट आजोबांच्या हातचं लाकडी मखर, नकार पळत्या दिव्यांना. आमचा हट्ट ताज्या फुलांचा, नकार तयार बॅकड्रॉपला. ठाण्याच्या घराचा हट्ट मुलांनी हाताने केलेली एखादी मोठी वस्तू, नकार दरवर्षीच्या त्या लाल मखमली पडद्याला.

कागदावर हे सहा मुद्दे मांडले तेव्हा दिसलं की यात कुणीच कुणाच्या आड येत नाही. पळते दिवे कुणाचा हट्ट नव्हते. लाल पडदा आम्हालाही नकोच होता, फक्त तो आहे म्हणून लावला जायचा. इतकी वर्षं ज्यावरून भांडलो त्यातलं निम्मं कुणाला हवंच नव्हतं.

2024 ला शेवटी विषय काय ठरला?

परसातला मांडव. कल्पना मोठ्या जाऊबाईंची. भाद्रपदात आमच्या परसात पडवळ, काकडी, दुधी यांचे वेल मांडवावर चढलेले असतात, तोच मांडव घरात उभा करायचा. मधे आजोबांचं मखर, त्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना मुलांनी बांबूच्या कामट्यांचा बांधलेला मांडव, त्यावर कागदाची पानं आणि खरी फुलं.

विषय ठरवताना एक खूणगाठ बांधावी. विषय म्हणजे प्रसंग किंवा देखावा नसावा. एक सामान आणि दोन-तीन रंग असावेत. “केदारनाथ” म्हटलं की तो जमला किंवा फसला, एवढंच होतं आणि ते एकाच माणसाच्या हातात राहतं. “बांबू, हिरवा, पिवळा, वीटकरी” म्हटलं की घरातला कुणीही त्यात आपली भर घालू शकतो. सासूबाई वातीची फुलं करतात, त्या वर्षी त्यांनी पिवळ्या रंगात करून मांडवाला बांधली. कुणी नवीन वस्तू घेऊन आलं की वाद घालावा लागत नाही. ती त्या तीन रंगांत आहे का, एवढंच बघायचं.

रंग नुसते शब्दांत ठरवू नका. ‘वीटकरी’ म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर कौलाचा रंग होता आणि ठाण्याच्या जाऊबाईंच्या डोळ्यांसमोर जवळजवळ मरून. कापडाचा छोटा तुकडा कापून तिन्ही घरी पाठवला, तेव्हा ते मिटलं. मोबाइलवरच्या फोटोत रंग बदलून दिसतो, त्यामुळे फोटोवर विसंबू नये.

7,200 रुपयांत काय काय बसवलं?

सगळ्यात आधी 700 रुपये बाजूला काढले, अडीअडचणीसाठी. उरले 6,500. त्यातून वीटकरी सुती कापड सहा मीटर घेतलं, 180 रुपये मीटरने 1,080 झाले. बांबू, सुतळी आणि खिळ्यांना 620. उबदार पिवळ्या एलईडी माळा चार, 275 ची एक, म्हणजे 1,100. माटवीसाठी जे परसात नव्हतं ते विकत घेतलं, त्याचे 700. कागद, रंग, गोंद 400. आणि फुलांसाठी 2,600 ठेवले.

फुलांचा आकडा मोठा वाटेल, पण तो आमच्या घराचा हट्ट होता आणि इथे बहुतेक घरं चुकतात म्हणून थोडं सांगते. फुलं एकदाच घेऊन भागत नाही. गौरी नक्षत्रावर येतात, अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन. त्यामुळे चतुर्थी आणि गौरीपूजन यांतलं अंतर दरवर्षी बदलतं. 2024 ला चतुर्थी 7 सप्टेंबरला होती आणि गौरीपूजन 11 ला. 2025 ला चतुर्थी 27 ऑगस्टची आणि पूजन 1 सप्टेंबरचं, म्हणजे मधे आणखी एक दिवस वाढला. गौरी बसतात त्या दिवशी घरात सगळ्यात जास्त माणसं येतात आणि नेमकी तेव्हा पहिल्या दिवसाची फुलं सुकलेली असतात. म्हणून फुलांचे पैसे सुरुवातीलाच दोन भागांत ठेवावेत. आम्ही 1,400 चतुर्थीला आणि 1,200 गौरींना ठेवले. पंचांगात अंतर बघून हे ठरवायचं.

प्रत्यक्षात गौरींच्या फुलांना 1,650 लागले, भाव चढले होते. वरचे 450 त्या 700 मधून गेले. 250 उरले. ते पाकिटात घालून माळांच्या डब्यात ठेवले. कुणाला वर पैसे मागावे लागले नाहीत. हे 700 आधी काढले नसते तर त्या 450 वरून चार फोन झाले असते.

कुणाला ठरलेल्यापेक्षा जास्त काही हौसेने करायचं असेल तर?

जरूर करू द्या, स्वतःच्या खर्चाने. आमच्याकडे याला हौसेचा खर्च म्हणतात आणि तो समाईक वहीत लिहिला जात नाही. फक्त दोन गोष्टी पाळायच्या. वस्तू ठरलेल्या रंगांत हवी आणि कुणाचा नकार मोडता कामा नये. रंग बदलणारी पट्टी आणायची पुतण्याची फार इच्छा होती. ती मूर्तीमागे लावली असती तर गावच्या घराचा नकार मोडला असता. म्हणून ती ओट्याच्या कठड्याला बाहेर लावली. वाडीतली पोरं संध्याकाळी तिथेच येऊन बसायची. देवासमोर शांत उजेड राहिला आणि त्याची हौसही झाली.

एक सांगते. हौसेचा खर्च नंतर समाईकमध्ये ढकलायचा नाही. “सगळ्यांना आवडलं ना, मग सगळ्यांनी द्या” हे एकदा चालवून घेतलं की पुढच्या वर्षी चिठ्ठीतले आकडे कमी होतात.

घरातल्या मोठ्या माणसांना बदलच नको असतो. त्यांना कसं समजवायचं?

समजवायला जाऊ नका, आधी विचारा की नेमकं काय बदलायला नको आहे. बहुतेक वेळा ते आराशीबद्दल बोलतच नसतात. देव बसतो ती जागा, पूर्व-पश्चिम तोंड, चौरंगाखालची रांगोळी, वरची माटवी, नंदादीपाची बाजू, एवढंच त्यांना जपायचं असतं. ते सगळं एका कागदावर लिहा आणि त्याला हात लावायचा नाही हे पक्कं करा. हे हट्ट-नकारात मोजायचं नाही. ही घराची रीत आहे.

आमच्याकडे ही यादी केल्यावर सासूबाई स्वतः म्हणाल्या, “बाकी काय ते तुम्ही बघा, पडदा कसला लावता त्याचं मला काय!” इतकी वर्षं त्यांचा पडद्याला विरोध आहे असं आम्हाला वाटत होतं. त्यांना धास्ती एवढीच होती की मागे उंच काही केलं तर माटवी वर सरकवावी लागेल.

माटवीबद्दल कोकण-गोव्यातल्या घरांसाठी एक कामाची गोष्ट. गोव्यात माटोळी म्हणतात ती हीच. नारळ, सुपारीचं शिपट, काकडी, कवंडळं असं सगळं बांधलं की तिचं वजन बरंच होतं. ती नेहमीच्या वाशाला किंवा पक्क्या कड्यांनाच टांगायची. नव्या आराशीच्या बांबूवर तिचा भार अजिबात देऊ नका. आमचा मांडव माटवीपासून वीतभर खाली संपतो आणि स्वतःच्या पायांवर उभा असतो.

माप आणि जागेवरून होणारे वाद कसे टाळायचे?

हे वाद दिसायला लहान, पण ऐनवेळी रडवतात. मूर्ती नक्की होण्याआधी मखर करायला घेऊ नका. प्रभावळ, उंदीर, पाट, चौरंग हे सगळं धरून उंची-रुंदी लिहा. मग पूजा करणाऱ्याला प्रत्यक्ष तिथे बसवून हात पुढे करायला सांगा. फुलं वाहताना त्याचा सदऱ्याचा हात कुठे अडकत नाही ना ते बघा. आमच्याकडे थोरले दीर पूजेला बसतात आणि त्यांचा हात लांब आहे. त्यांना बसवून मापलं तेव्हा मांडवाचे खांब दोन्हीकडे वीतभर बाहेर घ्यावे लागले.

गौरींची जागा पहिल्या दिवसापासून मोकळी ठेवा. कुणाकडे उभ्या मुखवट्यांच्या गौरी, कुणाकडे तेरड्याची, कुणाकडे खड्यांची. ज्यांच्याकडे ओवसा असतो त्यांना सुपं मांडायलाही जागा लागते. चतुर्थीला सुंदर दिसणारी आरास गौरी येताच अर्धी काढावी लागली तर ज्याने ती केली त्याला वाईट वाटणारच.

आणि समई-निरांजनापासून कापड, कागद, नकली फुलं लांब ठेवा. किमान दोन हात अंतर असू द्या. आरतीत तबक ओवाळताना हात किती फिरतो तेही धरा. या एका बाबतीत आमच्याकडे कुणाच्याही आवडीला जागा नाही. सुंदर असो वा नसो, ज्योतीजवळचं कापड काढलं जातं.

तयार मखर विकत आणलं तर सगळेच वाद मिटतील ना?

वाद कदाचित मिटतील, पण मग त्यात घरातल्या कुणाचंच काही राहत नाही. वेळच नसेल तर जरूर आणा, त्यात कमीपणा नाही. फक्त दोन गोष्टी बघा. थर्माकोलचं मखर घेऊ नका. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. पुठ्ठ्याचं, कापडाचं, लाकडाचं मिळतं. दुसरं म्हणजे फोटो बघून मागवू नका. आम्ही एकदा एका ठिकाणाहून घडीचं मखर मागवलं होतं. फोटोत त्याच्यात दीड फुटी मूर्ती दिसत होती. घरी आल्यावर आमची मूर्ती त्यात प्रभावळीसकट बसेना. आतली उंची, आतली रुंदी आणि खोली, हे तीन आकडे विचारून घ्या. बाहेरच्या मापाचा उपयोग नाही.

पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत दादरला जाऊन हाताने चाचपून घेता येत असेल तर तेच करा. मात्र दोन वेगवेगळ्या बिऱ्हाडांतली माणसं सोबत जाऊ द्या, म्हणजे “तुम्हीच पसंत केलं होतंत” हे नंतर ऐकावं लागत नाही.

परदेशातल्या भावाला येता येत नाही, पण त्याला सगळ्यात मत द्यायचं असतं. काय करावं?

त्यालाही एक हट्ट, एक नकार द्या, आषाढीच्या बैठकीत फोनवर. त्यानंतर निर्णय तिथे असलेल्यांचा. व्हिडिओ कॉलवर आरास बघून बदल सुचवू नयेत हे त्याला आधीच प्रेमाने सांगून ठेवा. शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला “थोडं डावीकडे” असं दुबईहून सांगितलं की त्याला ते लागतं. त्याला खरंच सामील करून घ्यायचं असेल तर एखादी वस्तू त्याच्याकडून मागवा. माझ्या मावसदिरांच्या घरी बहीण दरवर्षी क्रोशाचं तोरण विणून पाठवते, ते दाराला लागल्याशिवाय तिथे आरास पूर्ण होत नाही.

एवढं करूनही ऐनवेळी अडलं तर शेवटचा शब्द कुणाचा?

ज्याच्या पाळीचं वर्ष त्याचा. भावांमध्ये गणपती पाळीने फिरत असेल तर हे आपोआप ठरतं. आमच्यासारखा गणपती एकाच घरी असेल तर आराशीची पाळी फिरवावी. चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी जे अडेल त्यावर पाळीवाल्याने एकदाच सांगायचं आणि बाकीच्यांनी ते करायला लागायचं. आदल्या रात्रीनंतर काहीच बदलायचं नाही, मनाविरुद्ध असलं तरी.

पाळी ठरवताना एक काळजी घ्या. ज्या घरात त्या वर्षी लग्न, बाळंतपण किंवा आजारपण आहे, त्याची पाळी पुढे ढकला. घरात दुःख झालं असेल आणि तरी गणपती आणायचा ठरला असेल, तर त्या वर्षी चिठ्ठ्या, हट्ट काहीच नको. चौरंग, केळीची दोन खोडं आणि समई पुरेशी असते. त्यावर कुणी मत मागूही नये.

गणपती गेल्यावर सामान कुणाचं? आणि हिशोब कधी?

हिशोब विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, सगळे परतण्याआधी. वही मोठ्याने वाचायची, दोन्ही रकाने. पावत्या मागायच्या नाहीत, पण असतील तर चिकटवून ठेवायच्या. पुढच्या वर्षी भाव बघायला त्या उपयोगी पडतात.

समाईक पैशातून आलेलं सामान घराचं, गावीच राहतं. कापड धुऊन, वाळवून, कडुनिंबाची पानं घालून ट्रंकेत. माळा गुंडाळून ठेवताना पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळा आणि आधी एकदा लावून बघा. बंद पडलेली माळ डब्यात गेली की पुढच्या वर्षी ती चालू आहे असं धरून बजेट होतं. हौसेचं सामान ज्याचं त्याने घेऊन जावं. पुतण्याची पट्टी ठाण्याला गेली आणि दिवाळीत तिथल्या गॅलरीत लागली.

मुलांचा मांडव आम्ही मोडला नाही. थोरल्या दिरांनी तो तसाच उचलून परसात नेला आणि विहिरीजवळ रोवला. कागदाची पानं पहिल्याच सरीत गेली. मार्गशीर्षात आम्ही गेलो तेव्हा त्यावर वालाचा वेल चढलेला होता आणि जाऊबाईंनी पुतण्याला त्याच्याच मांडवावरच्या शेंगा काढायला पाठवलं.